सुजलेलं स्वादुपिंड आणि भोवतीचं पाणी: पोटाचा सीटी वाचायला बसण्याआधी

रेडिऑलॉजीत नव्याने आलेल्या रेसिडेंटसमोर रात्री येणारा फॉर्म बहुधा असा असतो: ‘एपिगॅस्ट्रिक पेन, सीटी अब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट’. बाकी काही नाही. अशा वेळी लायपेजचा आकडा विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी. दुखणं नक्की कधी सुरू झालं? भरतीची वेळ नको, पहिल्या कळेची वेळ हवी. निफाड, सुरगाणा किंवा इगतपुरीहून नाशिकला पोचलेला पेशंट वाटेत एक-दोन ठिकाणी ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन आलेला असतो. केसपेपरवर ‘आज सकाळपासून’ लिहिलेलं असतं आणि शेजारी उभी असलेली बायको सांगते, ‘नाही हो, काल संध्याकाळी जेवायच्या आधीच गडबडा लोळत होते.’ या बारा तासांनी रिपोर्टचा अर्थ बदलतो.

ॲक्यूट पॅनक्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या अचानक आलेल्या सुजेच्या निदानाला सीटी लागतोच असं नाही. नेहमीसारखं वरच्या पोटातलं, पाठीत जाणारं दुखणं आणि नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त लायपेज किंवा अमायलेज, एवढ्यावर निदान होतं. इमेजिंग हा तिसरा निकष आहे आणि तिघांपैकी दोन पुरतात. मग पहिल्याच रात्री सीटी का? कारण अल्सर फुटलाय की आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय, ही शंका सर्जनच्या डोक्यात असते. ती रास्त आहे. म्हणून अशा सीटीत स्वादुपिंडाकडे वळण्याआधी लंग विंडो लावून यकृताच्या पुढे आणि ड्युओडेनमच्या आसपास मोकळी हवा शोधायची. फुटलेल्या ड्युओडेनल अल्सरचं पाणीही स्वादुपिंडाच्या डोक्यापाशीच साचतं आणि अमायलेजही वाढवू शकतं.

एक केस तपशिलात घेऊ. उदाहरण म्हणूनच. बेचाळीस वर्षांचा माणूस, कळ सुरू झाली शनिवारी रात्री ८ ला, सीटी रविवारी सकाळी ६ ला. म्हणजे दहा तास. क्रिएटिनिन ठीक आहे. आधी प्लेन, मग सुमारे १०० मिली कॉन्ट्रास्ट सेकंदाला ३ मिली वेगाने, आणि ७० सेकंदांनी पोर्टल फेज. पोटात पांढरा ओरल कॉन्ट्रास्ट द्यायची गरज नाही, उलट्या करणारा माणूस तो पिणारही नाही. प्लेन मात्र वगळू नका. कॅल्शियमचे खडे त्यातच नीट दिसतात, आणि ग्रंथीने कॉन्ट्रास्ट किती घेतला हे मोजायला सुरुवातीचा आकडा तिथूनच मिळतो.

चित्र असं: स्वादुपिंडाचा मधला भाग ३२ मिमी जाड, एरवी तो साधारण २५ मिमीच्या आत असतो. कडा पुसट, नेहमीचे बारीक खाचखळगे भरून गेलेले. भोवतीच्या चरबीत धुरकट रेषा. डाव्या अँटिरिअर पॅरारीनल जागेत पाण्याचा एक पट्टा, त्याला भिंत नाही, एचयू १२. डाव्या किडनीसमोरचा फॅशिया जाड झालेला. मधल्या भागात प्लेनचे ४५ एचयू कॉन्ट्रास्टनंतर १०५ झाले आहेत. शेपटीत मात्र ४४ वरून फक्त ६८.

नवा माणूस अडखळतो तो इथे. वाढ २४ ची, पुस्तकात ३० च्या आत म्हणजे नेक्रोसिस, म्हणून रिपोर्टवर ‘शेपटीत नेक्रोसिस’ लिहून मोकळा. पण दहाव्या तासाला हे लिहिता येत नाही. सुजेने दाबलेल्या आणि आकुंचलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे जिवंत भागही कॉन्ट्रास्ट कमी घेतो, आणि दोन दिवसांनी तोच भाग चांगला दिसू शकतो. उलटही होतं: आज छान उजळलेला भाग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेलेला निघतो. नेक्रोसिसचं चित्र ठरायला निदान ७२ तास जावे लागतात, आणि ठिपक्याठिपक्यांच्या असमान चित्राबद्दल पाच ते सात दिवसांआधी ठाम बोलू नये. मोजताना अजून एक काळजी: आरओआय स्प्लीनिक व्हेनवर सरकला की मेलेला भागही ११० दाखवतो.

तेव्हा पहिल्या रिपोर्टात लिहायचं: सूज आहे, डाव्या बाजूला एक ॲक्यूट पेरिपॅनक्रियाटिक फ्लुइड कलेक्शन आहे, शेपटीत एन्हान्समेंट कमी आहे पण कळ सुरू होऊन दहाच तास झाल्याने नेक्रोसिसबद्दल आज सांगता येत नाही, तब्येत सुधारली नाही तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा सीटी. जुन्या सीटी सिव्हिरिटी इंडेक्समध्ये एका कलेक्शनचे ३ गुण, नेक्रोसिसचे ०, एकूण ३. या तीनवर फार विसंबू नका. लघवी कमी झालेल्या, धाप लागलेल्या पेशंटचाही पहिल्या रात्रीचा सीटी इतका साधा असू शकतो. आयसीयूचा निर्णय तब्येतीवरून होतो.

आता शुक्रवार, सहावा दिवस. ताप उतरत नाही, पुन्हा सीटी. शेपटी ४५ वरून ५१, म्हणजे काहीच घेतलं नाही. मेलेला भाग ग्रंथीच्या ३० टक्क्यांच्या आत. पाणी आता दोन ठिकाणी आहे आणि ते एकसारखं राहिलेलं नाही. विंडो अरुंद करून पाहिलं की करड्या पाण्यात काळे कण तरंगताना दिसतात, एचयू उणे. ती चरबी आहे, विरघळत चाललेली. म्हणून याचं नाव बदललं: ॲक्यूट नेक्रोटिक कलेक्शन. गुण ४ अधिक २, म्हणजे ६.

‘सुडोसिस्ट’ हा शब्द नवीन लोक सगळ्यात सैलपणे वापरतात. पाण्याला दोन प्रश्न विचारले की नाव आपोआप मिळतं: चार आठवडे झाले का, आणि आत किंवा ग्रंथीत मेलेलं काही आहे का. चार आठवड्यांनंतर भिंत धरलेलं, निव्वळ पाणी असलेलं ते सुडोसिस्ट. भिंत धरलेलं पण आत गाळ असलेलं ते वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस. फरक नावापुरता नाही. सुडोसिस्ट समजून बारीक पिगटेल टाकली तर गाळ ती तुंबवतो, आणि स्वच्छ असलेल्या जागेत जंतू शिरतात. सीटीत गाळ आणि पाणी सारखंच करडं दिसतं, म्हणून शंका असेल तर ड्रेन टाकण्याआधी एमआरआयचा टी-टू किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी मागावी.

शुक्रवारच्या सीटीत आणखी दोन जागा बघायच्या. कलेक्शनमध्ये हवेचे बुडबुडे आहेत का: असतील तर बहुधा इन्फेक्शन, क्वचित आतड्याला पडलेलं भोक. आणि स्प्लीनिक व्हेन शेवटपर्यंत भरते का, कारण मेलेल्या शेपटीला खेटून जाणारी ती व्हेन गुठळीने बंद होते. हिमोग्लोबिन एकाएकी उतरलं असेल तर नुसता पोर्टल फेज पुरत नाही, आर्टरिअल फेजही हवा. पाण्यातला गोल, आर्टरीइतकाच उजळणारा ठिपका म्हणजे सुडोॲन्युरिझम, आणि तो दिसला तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबायचं नाही, वॉर्डला फोन करायचा.

पित्ताशयात खडा दिसला नाही, तर ‘खडे नाहीत’ लिहू नका. बरेच खडे पित्ताइतकेच करडे असतात आणि सीटीत लपतात. सोनोग्राफी झाली का ते विचारा, आणि झाली नसेल तर ती करायला रिपोर्टातच सांगा.