विंडोजवर व्हीपीएन चालू असतानाही होणारी डीएनएस गळती कशी ओळखावी आणि कशी बंद करावी

व्हीपीएन जोडल्यावर एखाद्या संकेतस्थळावर आपला आयपी पत्ता बदललेला दिसला, की बहुतेकांची खात्री पटते. मात्र आयपी पत्ता बदलला यावरून एवढेच कळते की पानाचा मजकूर व्हीपीएनच्या कूटबद्ध वाटेतून, म्हणजे बोगद्यातून आला. त्या पानाचा पत्ता शोधण्यासाठी केलेली डीएनएसची विचारणा कोणत्या वाटेने गेली, हे त्यावरून मुळीच कळत नाही. ती बोगद्याबाहेरून गेली, तर तिला डीएनएस गळती म्हणतात. पुढील कृती विंडोज १० किंवा ११ वर ओपनव्हीपीएनचा कम्युनिटी क्लायंट वापरणाऱ्यांसाठी असून सर्व वाहतूक व्हीपीएनमधून नेण्याचा त्यांचा हेतू आहे, असे गृहीत धरले आहे. ज्यांनी जाणूनबुजून केवळ कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरताच बोगदा ठेवला आहे, त्यांच्या बाकीच्या विचारणा बाहेरून जाणे अपेक्षितच असते. ती गळती नव्हे.

समजा, वायफायवर संगणकाचा पत्ता 192.168.1.23 आहे, राउटर 192.168.1.1 वर आहे आणि व्हीपीएनचा डीएनएस सर्व्हर 10.8.0.1 आहे. जोडणी होताच ओपनव्हीपीएन 0.0.0.0/1 आणि 128.0.0.0/1 असे दोन मार्ग टाकते आणि जगभरचे सगळे पत्ते बोगद्याकडे वळवते. पण 192.168.1.0/24 हा घरच्या जाळ्याचा मार्ग त्या दोहोंपेक्षा अधिक नेमका असल्यामुळे राउटरकडे जाणारे पॅकेट थेट वायफायवरूनच जाते, आणि वायफाय अडॅप्टरवर नोंदलेला डीएनएस सर्व्हर बहुधा तो राउटरच असतो. त्यात विंडोज ८ पासून ही प्रणाली एकच विचारणा सर्व अडॅप्टरच्या डीएनएस सर्व्हरकडे एकाच वेळी पाठवू शकते. राउटर ती विचारणा निमूटपणे इंटरनेट सेवादात्याकडे पुढे पाठवतो. म्हणजे व्हीपीएन बिघडलेला नसतो आणि मार्गांची यादीही बरोबर असते, तरीही आपण कोणकोणती संकेतस्थळे उघडली याची नावे बाहेर जात राहतात.

गळती शोधण्यासाठी ऑनलाइन चाचणीच्या पानावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पान ब्राउझरकडून काही नवी नावे शोधून घेते आणि ती विचारणा कोणत्या सर्व्हरने आणून दिली हे पाहते. ब्राउझरमध्ये डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस चालू असेल, म्हणजे ब्राउझर विंडोजला वगळून स्वतःच कूटबद्ध विचारणा करत असेल, तर चाचणी फक्त ब्राउझरची होते. मेल, अपडेट आणि इतर प्रोग्राम ज्या विंडोजच्या यंत्रणेतून नावे शोधतात, ती तपासलीच जात नाही. खरे उत्तर वायफाय अडॅप्टरवरच पाहावे लागते. जाळ्यावरील पॅकेट दाखवणारा वायरशार्क हा प्रोग्राम उघडून बोगद्याचा नव्हे, तर वायफायचा अडॅप्टर निवडावा आणि डीएनएसच्या पोर्ट 53 चा हा फिल्टर लावावा:

```
udp.port == 53 || tcp.port == 53
```

मग पॉवरशेलमध्ये पूर्वी कधीही न शोधलेले नाव विचारावे:

```
ipconfig /flushdns
Resolve-DnsName chachni4471.example.org
```

असे नाव अस्तित्वात नाही, अशी त्रुटी येईल. ती येऊ द्यावी. येथे `nslookup` वापरू नये, कारण तो विंडोजच्या नेहमीच्या यंत्रणेला बगल देऊन स्वतःच एका सर्व्हरला विचारतो आणि त्यामुळे गळती असूनही दिसत नाही. बोगद्यातील विचारणा कूटबद्ध असल्यामुळे वायफायवर या फिल्टरखाली एकही ओळ यायला नको. तेथे 192.168.1.23 कडून 192.168.1.1 कडे `chachni4471.example.org` हे नाव उघड्या अक्षरांत जाताना दिसले, की गळती सिद्ध झाली. कधीकधी विचारणा `fe80` ने सुरू होणाऱ्या पत्त्याकडे जाताना दिसते. राउटरने आयपीव्ही६ वरून स्वतःला डीएनएस सर्व्हर म्हणून जाहीर केले, की असे होते.

उपाय म्हणजे `.ovpn` फाइलमध्ये एक ओळ घालून पुन्हा जोडणी करणे:

```
block-outside-dns
```

ओपनव्हीपीएन 2.3.9 पासून उपलब्ध असलेला हा पर्याय विंडोजच्या फिल्टरिंग यंत्रणेद्वारे बोगद्याव्यतिरिक्त इतर अडॅप्टरवरील पोर्ट 53 बंद करतो, आयपीव्ही६ सुद्धा.

अडचण सुरू होते ती येथून. ही ओळ घालताच अनेकांचे इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते, आणि मग मिळणारा सल्ला म्हणजे ती ओळ काढून टाकण्याचा. हा सल्ला मला चीड आणतो, कारण त्या ओळीने काहीच बिघडवलेले नसते. आधीपासून असलेली उणीव फक्त उघड केलेली असते. `ping 1.1.1.1` ला उत्तर येत असेल, पण कोणतेही नाव सापडत नसेल, तर हे पाहावे:

```
Get-DnsClientServerAddress
```

बोगद्याच्या अडॅप्टरपुढे आयपीव्ही४ च्या ओळीत रिकामा कंस दिसला, तर व्हीपीएन सर्व्हरने डीएनएसचा पत्ता दिलेलाच नाही. म्हणजे आजवर आपली प्रत्येक विचारणा, अपवादानेसुद्धा नव्हे तर नेमाने, राउटरकडेच जात होती. अशा वेळी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली डीएनएसचा पत्ता द्यावा:

```
dhcp-option DNS 10.8.0.1
```

येथे आपल्या व्हीपीएनचा खरा पत्ता हवा. तो व्हीपीएन चालवणाऱ्याकडून विचारून घ्यावा, दुसऱ्याच्या फाइलमधून उचलू नये. त्या पत्त्यावर डीएनएस सेवा नसेल, तर नावे पुन्हा सापडणार नाहीत.

वायफायच्या सेटिंगमध्ये 8.8.8.8 टाकण्याचा सल्लाही असाच आहे. विंडोज त्या अडॅप्टरचा सर्व्हर त्याच अडॅप्टरवरून विचारू शकते, त्यामुळे विचारणा बोगद्याबाहेर जाण्याची शक्यता कायम राहते, आणि पोर्ट 53 वरील मजकूर उघडा असल्यामुळे सेवादात्याला ती वाटेत वाचता येते. बदलते एवढेच की चाचणीच्या पानावर सेवादात्याचे नाव दिसेनासे होते. ग्रुप पॉलिसीतील `Turn off smart multi-homed name resolution` ही नोंद चालू केल्याने एकाच वेळी सर्वांना विचारणे थांबते. तरी बोगद्याचा सर्व्हर उत्तर देईनासा झाला, की दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळीच राहते. म्हणून मी तिला जोड म्हणून मान्य करतो, उपाय म्हणून नाही.

बदल केल्यावर वायरशार्कची चाचणी नव्या नावाने पुन्हा करावी आणि संगणक झोपवून जागा केल्यावर आणखी एकदा करावी. राउटरने दिलेली स्थानिक नावे, उदाहरणार्थ प्रिंटरचे नाव, आता चालणार नाहीत; तेथे आयपी पत्ता वापरावा. आणि हे फिल्टर ओपनव्हीपीएनची प्रक्रिया चालू असेपर्यंतच टिकतात: ती बंद पडली, की पोर्ट 53 पुन्हा मोकळे होते आणि बाकीची वाहतूकही वायफायवरून जाऊ लागते. व्हीपीएन तुटल्यावर काहीच बाहेर जाऊ नये अशी गरज असेल, तर त्यासाठी विंडोज फायरवॉलमध्ये वेगळे नियम लिहावे लागतात.