गॅसचं बटण घट्ट झालंय? तेल सोडण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूर भागातल्या एक काकू रिक्षात घालून दोन बर्नरची शेगडी घेऊन आमच्या दुकानी आल्या. डावीकडचं बटण दोन बोटांनी फिरेना, पक्कड लावून फिरवायचं म्हणे. "आठ दिवसांपूर्वी खोबरेल तेल सोडलं हुतं, मस्त फिरत हुतं की हो. आता पहिल्यापेक्षा घट्ट झालंय, आणि जरा वासबी येतोय." बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठूनही शेगडी येऊ दे, घट्ट बटणाची कहाणी बहुतेक वेळा अशीच असते. बटण आपोआप जेवढं बिघडतं, त्याहून जास्त आपल्या उपायांनी बिघडतं.

तेलानं असं का होतं ते कळायला बटणाखाली काय असतं हे माहीत हवं. पॅनेलखाली पितळेचा कॉक असतो. त्याच्या पोटात गाजरासारखी निमुळती पितळी खुंटी बसलेली असते आणि तिला आडवं भोक असतं. बटण फिरवलं की भोक गॅसच्या वाटेसमोर येतं आणि गॅस बर्नरकडे जातो. खुंटी आणि तिचं घर एकमेकांत इतकं घासून बसवलेलं असतं की मध्ये केसाएवढीही फट राहू नये. जी काही अतिसूक्ष्म जागा उरते, ती ग्रीस भरून काढतं. म्हणजे ग्रीसचं काम दुहेरी: खुंटी सहज फिरू द्यायची आणि गॅस अडवायचा.

आता त्यात खोबरेल गेलं. तेल जुन्या ग्रीसला पातळ करून वाहून नेतं, म्हणून आठवडाभर बटण लोण्यासारखं फिरतं. मग शेगडीच्या उष्णतेनं तेच तेल आटतं, चिकट होतं आणि शेवटी कढईच्या बुडाला बसतो तसा पिवळट थर धरतं. बटण पुन्हा घट्ट होतं, पण आता गॅस अडवणारं ग्रीस जागेवर नसतं. काकूंना येत होता तो वास तिथलाच. गंजाचे स्प्रे, रॉकेल, व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल, सगळ्यांची गत थोड्याफार फरकानं हीच.

आधी बटण काढून बघा

कॉकला हात लावण्यापूर्वी दोष खरंच कॉकचा आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. बर्नर पेटता ठेवून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, म्हणजे नळीतला गॅस जळून जाईल. जाळ विझला की बटण बंद करा, शेगडी गार होऊ द्या, मग बटण सरळ वर ओढा. बहुतेक शेगड्यांची बटणं नुसती दाबून बसवलेली असतात. आत एका बाजूनं सपाट असलेली दांडी दिसेल. ती बोटांनी फिरवून बघा. बरेच कॉक आधी दाबून मग फिरवावे लागतात, हे ध्यानात ठेवा.

दांडी सहज फिरली तर कॉक ठीक आहे. दोष बटण आणि पॅनेल यांच्यामध्ये अडकलेल्या मळाचा. उतू गेलेलं दूध, चहा, पुरणाचं पाणी तिथं वाळून दगड होतं. आमच्याकडे घरी कुंदा करणारे दूध तासन्‌तास आटवतात, त्यांच्या शेगडीवर तर साखर-दुधाची खरवडच निघते. बटण कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाबरोबर अर्धा तास भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशनं आतून घासा आणि पूर्ण वाळवा. पॅनेलवर ओलं फडकं चालेल, पण घट्ट पिळून. दांडीच्या भोकात पाणी ओतायचं नाही. पुष्कळ शेगड्या एवढ्यावरच बऱ्या होतात.

एक गोष्ट याच वेळी तपासा. पक्कड लावून लावून बटणाच्या आतली खाच झिजते किंवा तडकते. मग बटण "बंद"वर दिसतं आणि खाली दांडी अर्धी उघडी राहते. असं बटण गोंद लावून वापरू नका, त्याच मापाचं नवं घाला. दाबलेली दांडी वर उसळत नसेल तरी ते धोक्याचं. बंद असताना जे कुलूप बसायला हवं ते बसत नाही, आणि लहान पोरानं नुसतं फिरवलं तरी गॅस सुटतो.

दांडीच घट्ट असेल तर

तर ग्रीस वाळलंय. इथून पुढचं काम मिस्त्रीचं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी तो काय करतो हे माहीत असावं, म्हणजे समोर बसून करून घेता येतं.

काकूंच्या शेगडीचा कॉक वरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढून उघडला. स्प्रिंग, दांडी आणि खुंटी क्रमानं कागदावर मांडली. खुंटीवर तपकिरी चिकटा होता. मऊ सुती कापडावर थोडं रॉकेल घेऊन तो पुसला, मग कोरड्या कापडानं रॉकेलचा अंशही राहू दिला नाही. हे काम विस्तवापासून लांब. इथं पॉलिश पेपर किंवा तारेची घासणी लावणारा मिस्त्री दिसला तर हात धरा. एक ओरखडा पडला की गॅसला वाट मिळाली. दोन्ही बर्नरच्या खुंट्यांची अदलाबदलही नको, प्रत्येक खुंटी आपल्याच घरात घासून बसलेली असते.

मग गॅस कॉकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस. सायकलच्या बेअरिंगचं ग्रीस तापलं की पातळ होऊन उतरतं, ते इथं चालत नाही. मात्रा ज्वारीच्या दाण्याएवढी, खुंटीभर बोटानं पातळ पसरलेली, भोक मोकळं सोडून. जास्त ग्रीस घातलं की ते भोकात सरकतं, आणि सिमवर जाळ फडफडून विझायला लागतो. सर्व्हिसिंगनंतर सिम बिघडली तर पहिला संशय याचाच घ्यावा.

जोडल्यावर साबणाची चाचणी. अर्धा कप पाण्यात चमचाभर भांड्याचा साबण कालवला, रेग्युलेटर चालू केला, बटणं बंद ठेवली आणि ब्रशनं कॉकच्या सांध्यांवर आणि दांडीच्या बुडाशी फेस लावला. मग बर्नर पेटवून पुन्हा तेच. काकूंच्या कॉकला दांडीपाशी बारीक बुडबुडा येतच राहिला. खुंटी भिंगाखाली धरली तर तिच्यावर गोल चर पडलेले. पक्कडीनं जबरदस्ती फिरवल्याचा तो प्रसाद. झिजलेल्या खुंटीला ग्रीस हा इलाज नाही, कॉकच बदलला. काडी पेटवून गळती बघायची सवय मात्र अजून कुठे कुठे दिसते. ती आजच सोडा.

काचेच्या शेगडीवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: मोठं पातेलं पुढे बटणांवर येईल असं ठेवलं तर जाळाची धग खाली कॉकपर्यंत पोचते आणि ग्रीस लवकर वाळतं. सणाला घरच्या शेगडीवर मोठं भगुलं चढवणाऱ्यांच्या शेगड्या म्हणूनच दिवाळीनंतर आमच्याकडे येतात.

बटण साफ करूनही दांडी फिरत नसेल, ती नुसतीच गरगर फिरत असेल, किंवा शेगडी वॉरंटीत असेल, तर स्वतः उघडू नका. आणि वास येत असेल तर दुरुस्तीचा विचार नंतर. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून दार खालपर्यंत उघडं हवं. बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करा.