रुपयांचे हजार करण्यापूर्वी

रिग्रेशनमधला उत्पन्नाचा स्तंभ रुपयांतून हजारांत न्यायचा ठरला, की आधी जुने मॉडेल जसे आहे तसे चालवून त्याचे आकडे पूर्ण दशांशांसह जपून ठेवा. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि पुढची निम्मी गडबड तिथेच सुरू होते.

समजा परीक्षेतले गुण हे अवलंबी चल आहे आणि घराचे मासिक उत्पन्न हे स्वतंत्र चल. उत्पन्न रुपयांत असताना सहगुणक आला ०.०००४२ आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.०००१४. एका रुपयाने गुणांत काय फरक पडणार, म्हणून आकडा इवलासा. तीन दशांशांच्या तक्त्यात तो ०.००० दिसतो, कंसातली त्रुटीही ०.०००, आणि शेजारी ठळक तारे! वाचणाऱ्याला वाटते, परिणाम शून्य असूनही लक्षणीय कसा? उत्पन्न हजारांत घेतले की सहगुणक ०.४२ आणि त्रुटी ०.१४ होते. म्हणजे उत्पन्न हजार रुपयांनी जास्त असलेल्या घरातल्या मुलाचे गुण सरासरीने ०.४२ जास्त. चल हजाराने भागले म्हणून सहगुणक हजारपट झाला आणि त्रुटीही तितकीच वाढली. दोघांचा भागाकार, म्हणजे टी-मूल्य, आधी ३ होते, आताही ३ आहे. पी-मूल्य, आर-वर्ग, स्थिरांक, अंदाजित गुण, यांतले काहीही हलत नाही. त्रुटी हजारपट दिसली म्हणून अंदाज ढिसाळ झाला असे समजू नका.

हे रूपांतर छापील तक्त्यावरून हाताने करू नका. मी एकदा केले होते. चार दशांशांच्या तक्त्यात सहगुणक ०.०००४ आणि त्रुटी ०.०००१ होती. दोन्हींना हजाराने गुणून मी ०.४ आणि ०.१ लिहिले, आणि टी-मूल्य ३ चे ४ झाले. विदा तीच, मॉडेल तेच, फक्त पूर्णांकनाने निष्कर्ष जास्त भक्कम दिसू लागला. तेव्हापासून मी नवा स्तंभ बनवून मॉडेल पुन्हा चालवतो आणि जुन्याशी ताडून बघतो:

```r
d$utpanna_h <- d$utpanna / 1000
m1 <- lm(gun ~ utpanna, data = d)
m2 <- lm(gun ~ utpanna_h, data = d)
all.equal(unname(coef(m2)[2]), 1000 * unname(coef(m1)[2]))
all.equal(fitted(m1), fitted(m2))
```

दोन्हीकडे `TRUE` यायला हवे. टी-मूल्य जरासेही बदलले असेल तर एककाखेरीज आणखी काहीतरी बदलले आहे, हे नक्की समजा. बहुतेकदा भागाकार डेटाबेसमध्ये केलेला असतो. काही डेटाबेसांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडतो, म्हणून १८,९०० चे १८.९ न होता नुसते १८ उरतात. तिथे १००० ऐवजी १०००.० ने भागा. एक चूक मात्र टी-मूल्यातही दिसत नाही, ती अशी, की मूळ स्तंभातल्या काही नोंदी आधीच हजारांत भरलेल्या आहेत. ही चूक जुन्या आणि नव्या दोन्ही मॉडेलांत सारखीच राहते, त्यामुळे वरची तपासणी तिला पकडत नाही. त्यासाठी सर्वांत लहान किमती डोळ्यांनी पाहाव्या लागतात.

अवलंबी चलच रुपयांत असेल, उदाहरणार्थ घरखर्च, तर हिशेब वेगळा. ते हजारांत नेले की मॉडेलमधले सगळे सहगुणक, स्थिरांकसुद्धा, आणि त्या सगळ्यांच्या त्रुटी हजाराने भागल्या जातात. अवशेषांची प्रमाण त्रुटीही २४०० ची २.४ होते. म्हणून रुपयांतल्या आणि हजारांतल्या मॉडेलांची ही संख्या शेजारी ठेवून तुलना करू नका. खर्च आणि उत्पन्न दोन्ही हजारांत नेले तर उत्पन्नाचा सहगुणक होता तिथेच राहतो, फक्त स्थिरांक आणि इतर चलांचे सहगुणक हजारपट लहान होतात.

मॉडेलमध्ये उत्पन्नाचा वर्ग असेल तर त्याचा सहगुणक हजारपट नाही, दहा लाखपट होतो. वर्गाचा स्तंभ आधीच बनवून ठेवला असेल तर तो नव्या स्तंभावरून पुन्हा बनवा. जुनाच वापरला तरी अंदाजित किमती बरोबर येतात, म्हणून चूक लपून राहते. पण कोणत्या उत्पन्नाला वक्र वळतो हे दोन सहगुणकांवरून काढताना उत्तर हजारांतले समजून वाचले तर ते दहा लाखपट चुकते.

लॉग घेतलेल्या चलाचा सहगुणक एकक बदलल्याने बदलत नाही, स्थिरांक मात्र सरकतो. पण शून्य उत्पन्नाच्या नोंदींसाठी कोणी `log(utpanna + 1)` लिहिले असेल तर सावध राहा. तो १ रुपयांत एक रुपया असतो आणि हजारांत हजार रुपये, त्यामुळे सहगुणक, टी-मूल्य, आर-वर्ग सगळेच बदलते. अशा मॉडेलमध्ये आधी त्या १ चा निर्णय घ्या, एककाला नंतर हात लावा.