रोजच्या मेसेजात काय आणि महिन्याच्या मीटिंगला काय: छोट्या कारखान्यात एमआयएसला नव्याने आलेल्यांसाठी

एक्सेल तुम्हाला येतं, रिजेक्शन म्हणजे काय आणि ओईई कसा काढतात हेही माहीत असेल, त्यामुळे ते सोडून देते. माझा अनुभव भोसरीतल्या एका छोट्या युनिटचा आहे. सीएनसी टर्निंगची मशिनं, दोन शिफ्ट, आणि गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांना माल देणारे मोठे सप्लायर. अशा ठिकाणी पहिल्याच आठवड्यात मालक सांगतात, "रोज सकाळी साडेआठला सगळे आकडे मोबाईलवर आले पाहिजेत." सगळे देऊ नका. पण थेट नाहीही म्हणू नका, नवीन माणसाचं नाही कोणी ऐकत नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते रोजच्या रिजेक्शनच्या टक्क्याने, म्हणून त्यावर जरा लांबण लावते.

आमचा एक बुश दिवसाला ६०० नग चालायचा आणि महिन्याचं रिजेक्शन दोन टक्क्यांच्या आसपास असायचं. म्हणजे दिवसाला सरासरी १२ नग. आता सोमवारी ८ गेले, मंगळवारी १७, बुधवारी १०. मेसेजात हे १.३, २.८, १.७ टक्के असं दिसतं. मंगळवारचा आकडा पाहून मालक शॉपवर उतरले, ऑपरेटरला झापलं, त्याने घाबरून चांगल्या चाललेल्या मशीनचा ऑफसेट हलवला. बुधवारी आकडा उतरला आणि सगळ्यांची खात्री पटली की ओरडल्याशिवाय काम होत नाही. खरं तर मंगळवारी काहीच बिघडलं नव्हतं. आकडा सरासरीपासून लांब गेला की दुसऱ्या दिवशी तो बहुतेक वेळा आपोआपच जवळ येतो.

हे ओळखायला सोपा हिशेब आहे. दिवसाची सरासरी १२. तिचं वर्गमूळ साधारण साडेतीन, त्याची तिप्पट साडेदहा. म्हणजे प्रोसेस जशीच्या तशी असतानाही रोजचा आकडा २ पासून २२ पर्यंत कुठेही पडू शकतो. टक्क्यात मोजलं तर जवळजवळ शून्यापासून पावणेचारपर्यंत. या पट्ट्यातल्या चढउताराचं कारण शोधत बसलात तर कारण सापडेलच, कारण शॉपवर कारणांना तोटा नसतो, पण ते खोटं असेल. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठी कंट्रोल चार्ट मांडला तो याच भानगडीवर. महिन्याचा हिशेब मात्र वेगळा पडतो. २५ दिवसांत १५,००० नग, अपेक्षित रिजेक्शन ३००, वर्गमूळ सुमारे १७, तिप्पट ५१-५२. पट्टा १.६५ ते २.३५ टक्के इतका अरुंद होतो. म्हणून महिन्याला अडीच टक्के आले तर काहीतरी खरंच बदललंय, आणि तोच अडीच टक्का एका दिवसाचा असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

मग रोज रिजेक्शन सांगायचंच नाही का? सांगायचं, पण टक्का न देता नग, मशीन आणि कारण द्यायचं. आमच्याकडे एका दिवशी एकूण ९ नग गेले होते, टक्क्याने बघितलं तर उत्तम दिवस. त्यातले ७ एकाच मशीनवरचे, सातही बोअर ओव्हरसाइज. ओळ अशी गेली:

"बुश: ६०० पैकी ९. यातले ७ मशीन ४, बोअर ओव्हरसाइज, दुसरी शिफ्ट."

सुपरवायझरने सकाळी बोरिंग बार तपासला, इन्सर्ट नीट बसलेला नव्हता. टक्का पाठवला असता तर शाबासकी मिळाली असती आणि मशीन तसंच चालू राहिलं असतं.

रोजच्या टक्क्याचा आणखी एक तोटा उशिरा कळतो. आकड्यावरून बोलणी बसायला लागली की संशयित नग रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये न पडता "रिवर्क" म्हणून रॅकवर जातात. रिपोर्ट सुधारतो आणि रॅक भरतो. नवीन असाल तर पहिल्या आठवड्यापासून स्टोअरने दिलेले ब्लँक मोजा आणि त्यातून ओके, रिजेक्ट, रिवर्क आणि मशीनवर उरलेले नग वजा करा. बाकी शून्य येत नसेल किंवा रिवर्कचा आकडा एकाच दिशेने वाढत असेल, तर तुमच्या सुंदर आलेखावर विश्वास ठेवू नका. हे कुठल्याही तयार डॅशबोर्डमध्ये मिळत नाही. नेटवरून उतरवलेल्या टेम्प्लेटबद्दल माझं मत वाईट आहे. त्यापेक्षा स्टोअरकीपरसोबत दोन दुपार बसा.

बाकीच्या आकड्यांना हीच चाळणी लावली की काम हलकं होतं. उद्याच्या पहिल्या शिफ्टला हे वाचून कोणी काही वेगळं करणार असेल तर ते रोजच्या मेसेजात. डिस्पॅचचं घ्या. रोज फक्त एवढं द्या की आज जायचा कुठला माल गेला नाही आणि तो कुठे अडकलाय: प्लेटिंगवाल्याकडे, इन्स्पेक्शनला, की गाडी नाही. वेळेवर किती टक्के माल गेला ते महिन्याला. ते काढताना गिऱ्हाइकाने पहिल्यांदा मागितलेली तारीखच धरा. फोनवर पुढे ढकललेली तारीख धरली की सगळे कारखाने शंभर टक्के वेळेवर असतात.

ओईई रोज देऊ नका. तीन आकड्यांच्या गुणाकारात नेमकं काय बिघडलं ते लपतं. रोज सगळ्यात मोठं डाउनटाइम कुठलं, किती मिनिटं आणि का, एवढं पुरे. येणं बाकीचंही तसंच. आज कुठलं बिल मुदत ओलांडतंय ते नावानिशी रोज, आणि पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात ते महिन्याला. गिऱ्हाइकाच्या लाइनवरचं रिजेक्शन तर रोजच्या मेसेजात येऊच शकत नाही, कारण डेबिट नोट उशिरा येते. तिथे एक काळजी घ्या: माल ज्या महिन्यात बनला त्या महिन्याखाली लिहा, डेबिट नोट ज्या महिन्यात आली त्याखाली नको. नाहीतर मार्चची चूक मेच्या माणसाच्या माथी बसते.

एक अपवाद आहे, आणि तो पैशाचा आहे. वीजबिल महिन्याला येतं म्हणून सगळी वीज महिन्याच्या खात्यात टाकावीशी वाटते. युनिट खुशाल टाका. मॅक्सिमम डिमांड मात्र महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या एका चढावर ठरते. एखाद्या सकाळी कॉम्प्रेसर, भट्टी आणि सगळी मशिनं एकदम सुरू झाली आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर गेलात, की पुढचे दिवस कितीही काटकसर करा, तो आकडा त्या बिलातून हटत नाही. म्हणून मीटरवरचं मॅक्सिमम डिमांडचं रीडिंग रोज बघा, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या जवळ गेलं तरच मेसेजात टाका.

मालकांना टक्का हवाच असतो, ते चिडतील. मी रोजच्या मेसेजाखाली महिन्याचा आजपर्यंतचा टक्का एका ओळीत द्यायला लागले. दहा-बारा तारखेनंतर तो बऱ्यापैकी स्थिर होतो आणि त्यावरून कोणी शॉपवर धावत सुटत नाही. पहिल्या आठवड्यात तो उड्या मारतो, तेव्हा मी ती ओळ गाळते. अजून कोणी विचारलेलं नाही.