प्रवासात पोट का अडतं, आणि ते सुटायला नेमकं काय करायचं

प्रवासाला निघालेल्या माणसाला पोटाबद्दल दोनच सल्ले मिळतात. भरपूर पाणी पी आणि फायबर खा. मी दोन्ही प्रामाणिकपणे पाळले आणि तरीही चार-चार दिवस अडून बसलो. कामासाठी सतत बाहेर राहावं लागतं, त्यामुळे चुका करायला भरपूर संधी मिळाली. त्यातली सगळ्यात वाईट फेरी आधी सांगतो, कारण बद्धकोष्ठ कसं घडत जातं ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

घरी मी सहाला उठतो, पावणेसातच्या सुमारास काहीतरी खातो आणि सातपर्यंत पोट साफ झालेलं असतं. त्या दिवशी सव्वाचारला उठून, काही न खाता पाच वाजता गाडीत बसलो. सातला नेहमीप्रमाणे कळ आली. स्वच्छतागृहापुढे रांग होती, शिवाय तिथे जायची इच्छाही नव्हती, म्हणून दाबून धरली. दहा-पंधरा मिनिटांत ती गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वाटेत सारखं उठायला नको म्हणून दुपारी दोनपर्यंत जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो. दुसऱ्या दिवशी सव्वासातला उठलो आणि आठला बैठकीत हजर. दहाच्या सुमारास अर्धवट कळ आली, तीही मागे सारली. तिसऱ्या दिवशी कळ आलीच नाही. रात्री घाबरून तीन मोठे चमचे इसबगोल अर्ध्या पेल्या पाण्यातून घेतलं. चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पाचव्या दिवशी घरी आल्यावर खड्यासारखं झालं, थोडं रक्त गेलं आणि गुदद्वाराला पडलेली चीर पुढे तीन आठवडे छळत राहिली.

यात पाण्याचा दोष किती? थोडा आहे. रोज साधारण एक ते दीड लिटर पातळ द्रव लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात येतो आणि त्यातलं बहुतेक पाणी मोठं आतडं शोषून घेतं. शौचावाटे 100 ते 200 मिलिलिटरच बाहेर जातं. शरीराला पाणी कमी पडलं की हे शोषण आणखी वाढतं, म्हणून उपाशीतापाशी, कोरड्या घशाने केलेला प्रवास नडतो. पण पाण्यापेक्षा महत्त्वाचा आहे वेळ. मल जितका जास्त तास आत थांबेल तितका तो सुकत जाणार. त्या फेरीत पहिल्या दिवशी सातला जे सहज बाहेर पडलं असतं, तेच पाचव्या दिवशी दगड झालं होतं. मध्ये मी चार लिटर पाणी प्यायलो असतो तरी बराचसा भाग लघवीवाटेच गेला असता. ज्याच्या शरीरात पाणी पुरेसं आहे त्याने वर आणखी ढोसल्याने मल मऊ होत नाही.

म्हणून पाण्याची पायरी एका ओळीत संपवतो: लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या, गडद दिसली तर वाढवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांचं माप पाळा. चालण्याचीही एकच ओळ: दीड-दोन तासांनी उठून पाय मोकळे करा.

आता अवघड पायरी. ती म्हणजे सकाळची वेळ नव्या जागी पुन्हा बसवणं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, कारण सगळे काय खायचं तेवढंच सांगत होते. कधी खायचं आणि त्यानंतर कुठे असायचं, हे कुणी सांगितलंच नाही.

मोठं आतडं रात्री जवळजवळ स्वस्थ असतं. जाग आली की ते हलायला लागतं आणि पोटात अन्न पडलं की त्याला दुसरा धक्का मिळतो. या दोन धक्क्यांनी आतड्यात मोठ्या लाटा उठतात, मल गुदाशयात येतो, गुदाशय ताणला जातो आणि आपल्याला कळ जाणवते. अशा लाटा दिवसभरात मोजक्याच येतात आणि बहुतेकांना सकाळच्याच सर्वांत जोरदार असतात. कळ दाबली की गुदाशय सैल पडून आतल्या मालाला जागा करून देतो आणि जाणीव विझते. माल मात्र तिथेच सुकत राहतो. पुढची कळ यायला आता जास्त ताण लागतो. दोन-तीन दिवस असं केलं की आतडं सगळं काम सावकाश करायला लागतं. मी तिसऱ्या दिवशी 'कळच येत नाही' म्हणून आतड्याला दोष देत होतो. प्रत्यक्षात दोनदा आलेली कळ मीच परत पाठवली होती.

यावरून माझा पहिला नियम ठरला: दिवसातलं पहिलं खाणं जिथे हाताशी नीट स्वच्छतागृह आहे तिथेच. पहाटे निघायचं असेल तर उगाच गाडीत बसून खाऊ नका, कारण खाल्लंत की लाट तिथेच उठणार. एक तर तासभर लवकर उठून घरीच खाऊन मोकळे व्हा, नाहीतर मुक्कामी पोचल्यावर खा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी दुसरा पर्याय वापरू नये, त्यांनी पहिलाच धरावा.

दुसरा नियम मुक्कामाच्या सकाळचा. कामाला निघण्याच्या निदान दीड तास आधी उठा. उठल्यावर अर्ध्या तासात काहीतरी घन पदार्थ खा. नुसत्या चहा-कॉफीवर भागवू नका. कॉफीने काहींचं आतडं हलतं, पण भरल्या पोटाचा धक्का वेगळाच असतो. खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटांनी जाऊन बसा, कळ नसली तरी. पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंच काहीतरी घ्या. मी पालथी केलेली कचऱ्याची टोपली वापरतो, तिला लाजायचं कारण नाही. कोपर गुडघ्यांवर टेकून किंचित पुढे वाका. गुदाशयाला मागून एका स्नायूने फासासारखं धरून ठेवलेलं असतं. गुडघे कमरेच्या वर आले की तो फास सैल होतो आणि वाट सरळ होते. उकिडवं बसायची सोय असेल तर हे सगळं आपोआप होतं.

आणि कुंथू नका. मी नेमकं हेच करत होतो: श्वास कोंडून, चेहरा लाल करून जोर. त्या वेळी बरेच जण नकळत खालचा स्नायूही आवळतात, म्हणजे दार लावून धक्का देतात. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास सोडत राहा आणि पोट बाजूंना फुगवा. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठा. फोन घेऊन अर्धा तास बसल्याने मूळव्याधीची सोय तेवढी होते. पहिल्या सकाळी काही होईलच असं नाही, पण त्यानंतर दिवसभरात कधीही कळ आली तर पुढच्या पाच मिनिटांत जायचं. बैठक चालू असली तरी. आवाजाची लाज वाटत असेल तर नळ सोडा.

अनेक तासांचा फरक असलेल्या देशात गेलात तर आतडं काही दिवस जुन्याच घड्याळावर चालतं. कळ मध्यरात्री येईल, तेव्हा मध्यरात्रीच उठा. सकाळपर्यंत थांबवण्यात काही शहाणपण नाही.

फायबरबद्दल एकच ताकीद. जे रोज खात नाही ते प्रवासात अचानक सुरू करू नका. इसबगोल घ्यायचंच तर एका चमच्याने सुरुवात करा, पूर्ण पेलाभर पाण्यातून, आणि निघण्याच्या आठवडाभर आधीपासून. खडा झाल्यावर वरून भर घातली की काय होतं, ते माझ्या चौथ्या दिवसाने दाखवलंच आहे.

बॅगेतली औषधंही पाहा. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि कोडीन असलेली वेदनाशामकं आतडं मंदावतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानेच बंद करू नका, पण कारण तिथे असू शकतं हे लक्षात ठेवा.

एवढं करून तिसरा दिवस कोरडा गेला तर मी औषधाला नाही म्हणत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसाची वाट पाहणं मात्र मूर्खपणाचं आहे. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून ठेवतात, पण त्यांना एक ते तीन दिवस लागतात. ती घेतल्यावर दोन तासांनी 'काही झालं नाही' म्हणून दुसरं औषध वर टाकायचं नाही. बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांत काम करते, म्हणून ती झोपताना घेतात. प्रवासाच्या दिवशी चुकूनही नको. खडा अगदी दारापाशी अडकल्याचं जाणवत असेल तर गुदद्वारात ठेवायची ग्लिसरिनची सपोझिटरी तासाभरात मोकळं करते. गरोदर असाल किंवा जुना आजार असेल तर आधी विचारून घ्या.

परतीच्या दिवशीही हाच प्रकार होतो, हे लोक विसरतात. घरी आल्यावर पहिल्या सकाळी उशिरापर्यंत झोपणं आणि उठल्याबरोबर धावत कामाला पळणं, दोन्ही टाळा. सुट्टीच्या दिवशी दहाला उठणाऱ्यांचं घरबसल्या पोट अडतं तेही याच कारणाने.

आता एक फसवं चित्र. चार-पाच दिवस काहीच झालेलं नाही आणि अचानक थोडं थोडं पातळ पाणी गळायला लागलं, तर तो जुलाब नसू शकतो. आत घट्ट गोळा बसलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी घेतली तर गोळा आणखी पक्का होतो. त्यामुळे गोळी न घेता डॉक्टरांकडे जा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर त्याच तासाला जा. रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय पहिल्यांदाच बदलली असेल, तर प्रवासावर खापर न फोडता तपासून घ्या. घरी येऊन नेहमीचा दिनक्रम सुरू झाल्यावर तीन आठवड्यांतही पोट मार्गी लागलं नाही, तरी तेच.