व्यवसाय कर चुकून कापला गेल्यास वेतन विभागाला लिहायचे पत्र

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही. तरीही वेतन प्रणालीत लिंगाची नोंद चुकलेली असल्यास किंवा जुनेच दर राहिले असल्यास 200 रुपये कापले जातात. पत्र लिहिण्यापूर्वी हातात आलेली रक्कम नव्हे, तर भत्त्यांसह एकूण वेतन पाहावे, कारण एखाद्या महिन्यात ते 25,000 च्या वर गेले असेल, तर त्या महिन्याची कपात योग्यच ठरते.

पत्रात तक्रारीचा सूर नको. महिना, रक्कम आणि मागणी स्पष्ट असावी. उदाहरणार्थ:

“माननीय महोदय/महोदया,
माझे एकूण मासिक वेतन 22,400 रुपये असूनही एप्रिल, मे आणि जून या महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्यांत व्यवसाय करापोटी प्रत्येकी 200 रुपये कापल्याचे दिसते. महिला कर्मचाऱ्यांसाठीच्या मर्यादेनुसार ही कपात लागू होत नाही. कृपया माझी नोंद तपासून ती दुरुस्त करावी, कापलेले 600 रुपये पुढील वेतनात परत द्यावेत आणि केलेली दुरुस्ती लेखी कळवावी. तिन्ही वेतनचिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत.”

खाली नाव, कर्मचारी क्रमांक आणि विभाग लिहावा. ‘नोंद दुरुस्त करावी’ हे वाक्य गाळू नये. नाहीतर पैसे परत मिळतात आणि पुढच्या महिन्यात कपात पुन्हा होते.