x अनंताकडे जाताना परिमेय फलाची सीमा कशी काढावी

अंश आणि छेद दोन्ही बहुपदी असलेल्या फलाची, म्हणजेच परिमेय फलाची, x → ∞ असतानाची सीमा काढायची असेल, तर x च्या जागी थेट अनंत ठेवून काहीच हाती लागत नाही. बहुतेक वेळा ∞/∞ असे रूप समोर येते आणि त्याला ठरावीक किंमत नसते. अशा वेळी अंश आणि छेद यांपैकी कोण अधिक वेगाने वाढतो हे पाहावे लागते, आणि ते दोन्हींकडच्या सर्वांत मोठ्या घातांवरून ठरते. पुढील फल घेऊ.

f(x) = (3x² − 5x + 7) / (2x² + x − 4)

प्रथम छेदातील x चा सर्वांत मोठा घात शोधावा. येथे तो x² आहे. त्यानंतर अंश आणि छेद यांतील प्रत्येक पदाला त्याच x² ने भागावे. दोन्हींना एकाच राशीने भागल्यामुळे (x शून्य नसताना) फलाची किंमत बदलत नाही, फक्त रूप बदलते:

f(x) = (3 − 5/x + 7/x²) / (2 + 1/x − 4/x²)

आता x वाढत गेला की 5/x, 7/x², 1/x आणि 4/x² ही सगळी पदे शून्याकडे जातात. वर 3 आणि खाली 2 उरतात, म्हणून सीमा 3/2. खात्री करायची असल्यास कॅल्क्युलेटर घ्यावा: x = 100 ठेवल्यास किंमत सुमारे 1.4683 येते आणि x = 1000 ठेवल्यास सुमारे 1.4968. 1.5 पासूनचे अंतर 0.0317 वरून 0.0032 वर आले, म्हणजे x दहापट झाल्यावर अंतर जवळजवळ एक दशांश झाले. उरलेल्या पदांत 1/x चे पद प्रभावी असल्याचे हे लक्षण आहे.

भागाकार छेदातील सर्वांत मोठ्या घातानेच करावा, कारण तसे केल्यावर छेद एका शून्येतर स्थिर संख्येकडे जातो आणि अंशाचे काय होते एवढेच पाहायचे राहते. दोन्हींची कोटी समान असेल, तर मुख्य पदांच्या सहगुणकांचे गुणोत्तर हीच सीमा असते. अंशाची कोटी लहान असेल, तर अंशातील प्रत्येक पद शून्याकडे जाते आणि सीमा 0 येते.

अंशाची कोटी मोठी असेल तेव्हा मात्र ‘सीमा अनंत’ एवढे लिहून थांबू नये. चिन्ह ठरवावे लागते. (4x³ − x)/(1 − 2x²) मध्ये मुख्य पदांचे गुणोत्तर 4x³/(−2x²) = −2x आहे, त्यामुळे x → ∞ असताना फल −∞ कडे जाते, तर x → −∞ असताना +∞ कडे. छेदातील मुख्य पद शेवटी लिहिलेले असल्याने घाईत 1 हेच मुख्य पद धरले जाण्याचा धोका असतो. म्हणून पदे आधी घातांच्या उतरत्या क्रमाने मांडून घेणे बरे.

कंसांच्या गुणाकारात मुख्य पद थोडे लपलेले असते. (2x − 1)³(x + 5)/(4x⁴ + 9) चा अंश पूर्ण विस्तारण्याची गरज नाही; प्रत्येक कंसातील मुख्य पद घेऊन (2x)³ · x = 8x⁴ एवढे काढले की पुरे. सीमा 8/4 = 2. सहगुणकाचाही घन करायचा राहिला, तर उत्तर 2/4 येते, आणि ही चूक फार सहज होते.

खरा कस लागतो तो वजाबाकीत:

x²/(x + 1) − x²/(x − 3)

यातील प्रत्येक अपूर्णांक स्वतंत्रपणे ∞ कडे जातो. दोन्हींची मुख्य पदांची गुणोत्तरे x आणि x अशी आहेत म्हणून उत्तर x − x = 0 असे मानणे चुकीचे आहे, कारण मुख्य पदे एकमेकांना नष्ट करतात तेव्हा उत्तर त्यांच्या खालच्या घातांच्या पदांवर अवलंबून असते आणि तीच आपण टाकून दिलेली असतात. म्हणून आधी समान छेद घ्यावा. अंशात x²(x − 3) − x²(x + 1) = −4x² आणि छेदात x² − 2x − 3 मिळते, आता एकच परिमेय फल उरले, कोटी समान आहे आणि सीमा −4 आहे. x = 1000 साठी किंमत सुमारे −4.008 येते. मोठ्या घातांची तुलना नेहमी अशा एकत्रित आणि सरळ केलेल्या अपूर्णांकावरच करावी.

ही पद्धत x → ∞ किंवा x → −∞ यांपुरतीच आहे. x → 0 असताना पारडे उलटे फिरते आणि सर्वांत लहान घातांची पदे प्रभावी ठरतात: (x² + 3x)/(5x² + 2x) ची अनंताकडील सीमा 1/5 आहे, पण शून्याकडील सीमा 3/2.